दहावीच्या पालकांसाठी: त्रिकोणमिती नेमकी कुठे अडते

नमस्कार पालकहो, पोरं साइन-कॉसची सूत्रं घडाघडा म्हणतात पण आकृती जरा फिरवली की अडतात, कारण 'समोरची बाजू म्हणजे उभी रेघ' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि ती तर कोनावरून ठरते. घरी ६ आणि ८ सेंमीचा काटकोन त्रिकोण काढायला लावा, कर्ण १० येतो का ते पट्टीने मोजू दे. ६ च्या समोरच्या कोनाचा साइन ६/१०. आता दुसऱ्या लघुकोनावर बोट ठेवा, तिथे समोर ८ आहे म्हणून ८/१०. मग कागद उलटा फिरवून तेच विचारा, उत्तर बदललं तर घोळ इथेच आहे! टेबल पाठांतर नंतर बघू.

– गणिताच्या बाई, कोथरूड