हिरव्या सेलची बेरीज मागू नका, ती मिळणार नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर दिवाणजींनी उधारीची एक्सेल शीट दाखवली. पैसे जमा झाले की C कॉलममधली रक्कम हिरवी करायची, ही त्यांची पद्धत. रकमा होत्या 48,500, 32,000, 61,200, 27,800, 32,000 आणि 19,500. पहिली, तिसरी आणि पाचवी हिरवी. ‘जमा किती?’ यासाठी त्यांनी एक हिरवा सेलच अट म्हणून दिला होता:

```
=SUMIF(C2:C7,C6)
```

उत्तर आलं 64,000. खरं हवं होतं 1,41,700.

झालं असं, की SUMIF ने C6 चा रंग पाहिलाच नाही, त्यातली 32,000 ही किंमत पाहिली. तेवढीच रक्कम C3 मध्येही होती, पांढरी, न आलेली. दोन्ही मिळून 64,000. अटीत "हिरवा" असं लिहिलं असतं तर 0 आलं असतं आणि चूक लगेच कळली असती. खरा धोका या पटण्याजोग्या आकड्याचा.

एक्सेलमध्ये रंग म्हणजे सेलची सजावट. साध्या फॉर्म्युल्यापर्यंत पोचते ती फक्त किंमत. मॅक्रो लिहून रंग वाचता येतो, पण नुसता रंग बदलल्याने शीट पुन्हा हिशेब करत नाही, त्यामुळे सेल हिरवा केला तरी जुनीच बेरीज दिसत राहते. उधारीच्या वहीला हे परवडत नाही.

म्हणून D कॉलममध्ये ‘स्थिती’ लिहायची: जमा किंवा बाकी. ती हाताने टाइप करू नका, डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा. कारण ‘जमा’नंतर चुकून एक स्पेस पडली तरी ती ओळ बेरजेतून गळते, आणि डोळ्यांना स्पेस दिसत नाही.

```
=SUMIF(D2:D7,"जमा",C2:C7)
```

आता 1,41,700 येतात. ‘बाकी’ची बेरीज 79,300 यायला हवी. दोन्ही मिळून एकूण 2,21,000 भरले नाहीत, तर एखाद्या ओळीची स्थिती रिकामी आहे.

जुन्या शीटसाठी C वर Filter by Color लावून हिरव्या ओळी गाळा, D मधले दिसणारे सेल निवडा, Alt+; दाबा, ‘जमा’ लिहून Ctrl+Enter. फिल्टरच्या यादीत दोन हिरवे दिसले तर दचकू नका. घाईत कोणीतरी शेजारची छटा निवडलेली असते. दोन्हींना ‘जमा’ लिहा. उरलेल्यांना याच रीतीने ‘बाकी’.

रंग हवाच असेल, तर आधी हाताने भरलेला No Fill ने काढा, नाहीतर स्थिती ‘बाकी’ केल्यावरही तो तसाच राहील. मग C2:C7 निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगला हा नियम द्या:

```
=$D2="जमा"
```

निम्मे पैसे आले तर? दिवाणजींनी हे लगेच विचारलं. तिथे स्थिती पुरत नाही, ‘जमा रक्कम’ असा वेगळा कॉलमच घ्यावा लागतो.