प्लांटच्या मिक्समध्ये हवेची पोकळी कमी येत होती, ती अशी सुटली

वरच्या थराच्या बिटुमिनस काँक्रीटचं डिझाइन प्रयोगशाळेत छान बसलं होतं. बिटुमेन ५.४ टक्के, मार्शल नमुन्याची घनता २.४१९, सैल मिक्सची कमाल घनता २.५२०, म्हणजे पोकळी ४.० टक्के. मर्यादा ३ ते ५. प्लांटवर ट्रायल घेतली आणि नमुने २.४५८ ला गेले. पोकळी २.५! असा थर रहदारीखाली आणखी दाबला जातो, बिटुमेन वर येतं आणि चाकोऱ्या पडतात.

साइटवरचा पहिला सल्ला, 'बिटुमेन ५.१ करा, ±०.३ च्या सवलतीत बसतंय.' मला पटलं नाही. एक्स्ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे मिक्समधून बिटुमेन विरघळवून वेगळं काढल्यावर, ते ५.४ च निघालं होतं, मग दोष त्याचा कसा?

एक्स्ट्रॅक्शननंतर उरलेली खडी धुऊन चाळली. ०.०७५ मिमी चाळणीतून ७.६ टक्के माल गेला. मंजूर आकडा ५.५, सवलत ±१.५, म्हणजे कमाल ७.०. कोरडं चाळलं असतं तर खडीला चिकटलेली धूळ कळलीच नसती. डिझाइनमध्ये खडीमधल्या फटी भरणारी बारीक भुकटी, म्हणजे फिलर, २ टक्के वेगळं धरलं होतं आणि प्लांट बॅग फिल्टरची धूळही परत मिक्सरमध्ये सोडत होता.

फिलर ०.५ टक्क्यावर आणलं, बाकी काही हलवलं नाही. धूळ ६.१, घनता २.४२६, पोकळी ३.७, स्टॅबिलिटी आणि फ्लोही मर्यादेत. फिलरचं प्रमाण बदलल्यामुळे जॉब मिक्स पुन्हा मंजुरीला पाठवलं, आणि या वेळी अहवालात बॅग फिल्टरची धूळ परत येते हेही लिहिलं.