खोकताना किंवा जोर काढताना डोकं दुखतं? तपासणी कधी आणि कोणती करावी

निपाणीच्या तंबाखू वखारीत ठसका रोजचाच, आणि बेळगावच्या तालमीत जोर-बैठकांनंतर डोकं ठणकणंही कुणाला नवं वाटत नाही. त्यामुळे एरवी धडधाकट माणूस या दुखण्याला ‘ऊन लागलं’, ‘पित्त झालं’ असं म्हणून सोडून देतो. तसं सोडून देण्याआधी काही गोष्टी क्रमाने बघायला हव्यात.

पहिलं: दुखणं किती वेगाने चढलं?
एका मिनिटाच्या आत दुखणं शिगेला पोहोचलं आणि इतकं जोरात आधी कधीच दुखलं नव्हतं, तर तो मेंदूभोवतीचा रक्तस्राव असू शकतो. मान ताठरणं, उलटी, शुद्ध हरपणं, एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काही सोबत असेल तर शंका आणखी वाढते. कुस्तीगिरांनी एक खूण मुद्दाम लक्षात ठेवावी. मानेला हिसका बसल्यावर किंवा डोकं जमिनीला टेकून, पाठ उचलून पूल बांधल्यावर मान एका बाजूने दुखू लागली आणि त्याच बाजूची पापणी खाली आली, तर मानेतली रक्तवाहिनी आतून चिरलेली असू शकते. अशा वेळी गोळी घेऊन झोपू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या इस्पितळात जा. रक्तस्राव सीटीत सर्वांत खात्रीने दिसतो तो पहिल्या 6 तासांत. त्यानंतर गेल्यास सीटी नॉर्मल आला तरी पाठीतून पाणी काढून तपासावं लागू शकतं.

दुसरं: घाई नसेल तर नोंद ठेवा.
कशाने दुखलं, डोक्याच्या कुठल्या भागात, किती वेळ, एवढं लिहिलं तरी पुरे. निव्वळ खोकल्याची डोकेदुखी खोकल्याबरोबरच उठते. शिंकताना, कुंथतानाही उठते, आणि काही सेकंदांपासून फार तर 2 तास टिकते. ती बहुधा चाळिशीनंतर सुरू होते. व्यायामाची डोकेदुखी ठणकणारी असते. ती जोर लावताना किंवा त्यानंतर येते, 48 तासांच्या आत जाते आणि उन्हाळ्यात जास्त सतावते.

तिसरं: दुखणं लवकर थांबतं म्हणून तपासणी टाळू नका.
हे मी आग्रहाने सांगतो, कारण इथेच जास्त चूक होते. समजा, खानापूरच्या 38 वर्षांच्या एका शिक्षिकेला खोकलं की डोक्याच्या मागे कळ येते आणि मिनिटभरात ती जाते. सीटी नॉर्मल येतो, घरचे निश्चिंत होतात. पण हल्ली तिची बोटं बधिर होतात आणि चालताना तोल जातो. अशा रुग्णात लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेकडे उतरलेला असू शकतो. याला कियारी म्हणतात. खोकताना डोक्यातला दाब वाढतो, उतरलेल्या भागामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते आणि कळ उठते. साध्या सीटीत हे सहज निसटतं. एमआरआय मेंदूचा आणि कवटी-मान यांच्या सांध्याचा हवा, आणि चिठ्ठीत हा सांधा लिहिला आहे ना, ते विचारून घ्यावं. सुमारे 5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उतार दिसला आणि लक्षणं त्याच्याशी जुळली, तर न्यूरोसर्जनचा सल्ला घ्यावा. त्रास वाढत असेल तर मागचं हाड थोडं काढून जागा मोकळी करणारी शस्त्रक्रिया करतात.

म्हणून खोकल्याच्या नव्या डोकेदुखीत एकदा तरी एमआरआय व्हायलाच हवा. व्यायामाच्या डोकेदुखीत पहिल्या खेपेलाच डॉक्टरांकडे जावं. तिथे एमआरआयबरोबर डोक्याच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचं चित्रही काढतात.

चौथं: वय जास्त असेल तर हृदयही बघा.
पन्नाशीचा माणूस, मधुमेह किंवा बीपी, तंबाखूची सवय. राजहंसगड चढताना डोकं दुखतं आणि बसलं की थांबतं. छातीत काहीच होत नसलं तरी हे हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. आधी ईसीजी, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल तपासणी करावी. तोवर चढ चढू नये.

पाचवं: सगळं नॉर्मल आलं तर
खोकल्याचं मूळ शोधा. बीपीसाठीच्या एनालाप्रिल, रामिप्रिलसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. डॉक्टर त्या बदलून देतात. व्यायामाआधी अंग हळूहळू गरम करा, भर उन्हात जोर काढू नका. डॉक्टर बहुधा इंडोमेथासिन हे दुखणं कमी करणारं औषध देतात. ते पोट आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून दुकानातून परस्पर आणू नये. त्याने आराम पडला म्हणून आत काही नाही, असंही धरू नये, कारण कियारीसारख्या दोषातही या गोळीने दुखणं दबू शकतं. म्हणून एमआरआयच्या आधीच गोळी सुरू झाली असेल आणि बरं वाटत असेल, तरी ठरलेली तपासणी रद्द करू नका.