सरासरीत लपलेली लवकर आलेली गाडी

वरोरा-चिमूर मार्गावरच्या छोट्या खासगी बसचा वक्तशीरपणा थांब्यागणिक तपासा. वहीतल्या वेळा शीटमध्ये घ्या: B थांबा, C ठरलेली वेळ, D प्रत्यक्ष वेळ. E मध्ये फरक मिनिटांत:

```
=(D2-C2)*1440
```

समजा, शेगावच्या पाच फेऱ्यांचे फरक −6, −4, 0, 4, 6 आले. सरासरी शून्य, म्हणजे मालक खूश! पण गाडी येताच निघत असेल, तर दोन फेऱ्यांना वेळेवर आलेली म्हातारी फाट्यावरच राहिली. म्हणून लवकरच्या फेऱ्या वेगळ्या मोजा:

```
=COUNTIFS(B:B,"शेगाव",E:E,"<-1")
```

उशिराच्याही तशाच, ">5" लावून. शेवटच्या थांब्यावर मात्र लवकर पोचण्याने कोणाचं काही बिघडत नाही; तिथे फक्त उशीर बघा.