ग्रिप गुंडाळून रॅकेट हेड लाइट होत नाही

मी बॅडमिंटन शिकायला सुरुवात केली ती नोकरी लागल्यावर, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्यामुळे लहानपणापासून हातात रॅकेट असलेल्या मुलांना जे अंगवळणी पडलेले असते, ते मला एकेक करून आणि बऱ्याचदा पैसे खर्च करून शिकावे लागले. त्यातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट म्हणजे रॅकेटचा बॅलन्स. त्या चुकीपायी माझे सात-आठ महिने गेले, कोपराखालचा हात दुखावला आणि आपल्याला डबल्स जमणारच नाही असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. म्हणून नव्याने रॅकेट घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

रॅकेट पट्टीच्या कडेवर आडवी ठेवल्यावर ती ज्या जागी तोलून राहते, तिथपासून मुठीच्या बुडापर्यंतचे अंतर म्हणजे तिचा बॅलन्स, हे बहुतेकांना माहीत असते. साधारणपणे हे अंतर २८५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर रॅकेट हेड लाइट म्हणजे हलक्या डोक्याची, २९५ च्या वर असेल तर हेड हेवी म्हणजे जड डोक्याची आणि मधली ती इव्हन, असे मानले जाते. मात्र कंपनीचा आकडा बहुधा गटिंग न केलेल्या, म्हणजे तारा न ओवलेल्या रॅकेटचा असतो आणि गटिंग झाल्यावर तोल डोक्याकडे सरकतो. त्यामुळे खेळण्याच्या अवस्थेतली रॅकेट स्वतः मोजलेली बरी. शिंप्याची टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढ्यावर हे काम होते.

दुकानदाराने मला विचारले, "स्मॅश आवडतो का?" मी हो म्हटले आणि त्याने हेड हेवी रॅकेट हातात ठेवली. मी कुठे खेळते, सिंगल्स की डबल्स, नेटजवळ की मागे, हे त्याने विचारले नाही आणि मलाही सांगायचे सुचले नाही. प्रत्यक्षात मी रोज संध्याकाळी डबल्सच खेळत होते आणि माझा निम्मा वेळ समोरच्यांचे स्मॅश परतवण्यात जात होता. मागून क्लिअर छान जायचा, परंतु अंगावर आलेल्या स्मॅशला रॅकेट पोचेपर्यंत शटल फ्रेमवर आपटलेले असायचे. हॉलमधल्या एका अनुभवी खेळाडूने उपाय सुचवला: "मुठीवर दोन ओव्हरग्रिप चढवा, तोल खाली येतो, रॅकेट हेड लाइट होते." सल्ला मनापासून दिलेला होता आणि मोजून पाहिले तर तो खराही वाटत होता. मी ज्या सापळ्यात अडकले तो हाच.

माझी रॅकेट गटिंग आणि मूळ ग्रिपसह ९३ ग्रॅमची होती आणि तोल ३०२ मिलिमीटरवर होता. प्रत्येकी ५ ग्रॅमच्या दोन ओव्हरग्रिप चढवल्यावर वजन १०३ ग्रॅम झाले आणि तोल २८१ वर आला. कागदावर माझी हेड हेवी रॅकेट चक्क हेड लाइट झाली होती. मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात पुढचे कित्येक महिने मी दोष रॅकेटला न देता स्वतःच्या मनगटाला देत राहिले.

घोटाळा कुठे होता, ते गटिंग करणाऱ्या काकांनी दाखवले. त्यांनी माझी रॅकेट मुठीत धरून नुसती डावी-उजवीकडे हलवली आणि म्हणाले, "ताई, हाताखाली वजन घातलंत, डोक्यावरचं काढलं कुठे?" घरी येऊन मी हिशेब मांडला. आपण रॅकेट फिरवतो ती मुठीभोवती, बुडाभोवती नव्हे. मुठीचा मध्य बुडापासून ९० मिलिमीटरवर धरू. सुरुवातीला रॅकेटचा तोल मुठीपासून २१२ मिलिमीटर लांब होता. ९३ गुणिले २१२ म्हणजे सुमारे १९,७००. ग्रिप चढवल्यावर तोल मुठीपासून १९१ मिलिमीटरवर आला, पण वजन १०३ झाले. गुणाकार पुन्हा सुमारे १९,७००. म्हणजे मनगटावर येणारा डोक्याचा भार काडीइतकाही कमी झालेला नव्हता. वाढवलेले वजन मुठीच्या आतच होते, त्यामुळे तोलाचा आकडा तेवढा बदलला. माझ्या पार्टनरची रॅकेट तेवढ्याच, म्हणजे ९३ ग्रॅम वजनाची होती आणि तिचा तोल २८४ वर होता. तिचा गुणाकार येतो सुमारे १८,०००. आकड्याने माझी रॅकेट तिच्या रॅकेटपेक्षाही हेड लाइट होती, हाताला मात्र ती सुमारे नऊ टक्क्यांनी जड होती. वेगाने फिरवताना टोकाकडचे वजन याहूनही जास्त जाणवते, म्हणून हा हिशेब ढोबळ समजावा. दोन रॅकेटींची तुलना करायला तो पुरेसा आहे.

आता कोणाला काय मानवते याबद्दल. "आक्रमक खेळाडूला हेड हेवी, बचावात्मक खेळाडूला हेड लाइट" हे वाक्य सर्वत्र ऐकू येते आणि ते निम्मेच खरे आहे. मागच्या कोर्टवरून पूर्ण हात फिरवून मारायला ज्याला वेळ मिळतो, त्याला जड डोके मदत करते, कारण एकदा गती घेतली की ते स्वतःच शटलमधून पुढे जाते. परंतु शटलचे वजन जेमतेम ५ ग्रॅम असते, त्यामुळे डोक्याच्या वजनाइतकाच, किंबहुना जास्त, त्याचा वेग महत्त्वाचा ठरतो. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशचा गिनीज विक्रम केला, तो योनेक्सच्या नॅनोफ्लेअर १००० झेड या हेड लाइट रॅकेटने. त्याचा हात आपल्याला नाही, हे मान्य. पण जड डोक्याशिवाय स्मॅश होत नाही, हा समज तरी मनातून काढून टाकावा.

बचावाच्या बाबतीतही सिंगल्स आणि डबल्स वेगळे करावे लागतात. डबल्समध्ये स्मॅश परतवताना, ड्राइव्हच्या देवाणघेवाणीत आणि नेटवर हात आखडून मारावे लागते. तिथे हेड लाइटला पर्याय नाही. सिंगल्समध्ये लांब लिफ्ट आणि क्लिअर करत समोरच्याला दमवणारा खेळाडू हाही बचावात्मकच, पण त्याला किंचित हेड हेवी रॅकेट चांगली मानवते, कारण थकलेल्या हातानेही शटल मागच्या रेषेपर्यंत जाते. योनेक्सच्या ॲस्ट्रॉक्स ८८ मालिकेत मागून मारणाऱ्यासाठी डी आणि नेटजवळच्या खेळाडूसाठी एस अशा दोन वेगळ्या रॅकेट आहेत. एकाच जोडीतल्या दोघांनाही एक रॅकेट चालत नाही, हे यावरूनच समजावे. आवडत्या खेळाडूची रॅकेट पाहून आपली ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

डोके जड होत असल्याची खूण पहिल्या गेममध्ये मिळत नाही. दुकानात हवेत फिरवून तर मुळीच मिळत नाही. तिसऱ्या गेममध्ये पाहावे. बचावातले लिफ्ट अर्ध्या कोर्टवर पडू लागले, फ्रेमचा टकटक आवाज वाढला आणि स्मॅशला शटल आपल्या डोक्याच्या मागे सापडू लागले, तर रॅकेट हाताला जड आहे. कोपराजवळ दुखू लागले तर खेळ लगेच थांबवावा. मी थांबवला नाही आणि पुढे दीड महिना घरी बसले.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. शंका असेल तर हलक्या डोक्याची रॅकेट घ्यावी, कारण तिची दुरुस्ती सोपी आहे. २८४ वर तोल असलेल्या ९३ ग्रॅमच्या रॅकेटला फ्रेमच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना एकेक ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटवली की तोल सुमारे २९२ वर जातो आणि इथे हातावरचा भारही खरोखर वाढतो. खेळाच्या नियमांनाही ते मान्य आहे. नाही आवडले तर पट्टी सोलून काढता येते. जड डोक्यातले वजन मात्र असे काढता येत नाही.

मी आता पार्टनरच्या रॅकेटसारखीच रॅकेट वापरते, एका ओव्हरग्रिपसह, तीही फक्त घामासाठी. शिशाची पट्टी किटबॅगेत आहे. रविवारी सिंगल्स असले की लावते आणि सोमवारी काढून ठेवते.