चाल आणि वेग: प्रवासाची गणिते सोडवताना या चुका टाळा

या विषयातला पहिला गोंधळ आपल्या रोजच्या बोलण्यातूनच येतो. ‘गाडीचा वेग ताशी साठ किलोमीटर होता’ असे आपण सहज म्हणतो, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्या वाक्यात सांगितलेली असते ती चाल. गाडी कोणत्या दिशेला जात होती हे त्यात कुठेच नसते, आणि दिशा सांगितल्याशिवाय वेग पूर्ण होत नाही. चाल ही अदिश राशी आहे, तर वेग ही सदिश राशी आहे. ही व्याख्या बहुतेकांना पाठ असते. चुका होतात त्या उदाहरण सोडवताना, आणि दोन्हींचे एकक एकच असल्यामुळे त्या एककावरून पकडताही येत नाहीत.

एकच प्रवास घेऊन पाहू. एक व्यक्ती घरातून निघून सरळ पूर्वेला ६ किलोमीटर जाते आणि त्यासाठी तिला १० मिनिटे लागतात. मग चौकात डावीकडे वळून ती उत्तरेला ८ किलोमीटर जाते. रहदारीमुळे या टप्प्याला २० मिनिटे लागतात. पहिल्या टप्प्यातील चाल ताशी ३६ किलोमीटर आणि दुसऱ्या टप्प्यातील ताशी २४ किलोमीटर आहे. येथे पुष्कळ जण या दोन आकड्यांची सरासरी काढून ३० असे उत्तर लिहितात. ते चूक आहे, कारण संथ टप्प्यात दुप्पट वेळ गेला आहे आणि त्या टप्प्याचे वजन हिशेबात तितकेच जास्त धरायला हवे. एकूण अंतर १४ किलोमीटर, एकूण वेळ अर्धा तास, म्हणून सरासरी चाल ताशी २८ किलोमीटर.

आता सरासरी वेग. ‘२८ला दिशा जोडली की वेग झाला’ ही माझ्या मते सर्वांत फसवी चूक आहे, कारण ती व्याख्येला धरून आहे असे वाटते. प्रत्यक्षात वेग काढताना अंतराच्या जागी विस्थापन घ्यायचे असते, म्हणजे निघालेल्या ठिकाणापासून पोहोचलेल्या ठिकाणापर्यंतची सरळ रेषा. कागदावर ६ आणि ८ या बाजूंचा काटकोन त्रिकोण काढला की कर्ण १० येतो. म्हणून सरासरी वेगाचे परिमाण ताशी २० किलोमीटर आणि त्याची दिशा पूर्वेकडून उत्तरेकडे सुमारे ५३ अंशांवर, म्हणजे ती व्यक्ती ज्या दिशेने प्रत्यक्ष एकदाही गेली नाही अशी तिरपी दिशा.

विस्थापनाचे परिमाण अंतरापेक्षा कधीच जास्त असू शकत नाही. त्यामुळे सरासरी वेगाचे परिमाण सरासरी चालीपेक्षा मोठे आले, तर कुठेतरी चूक झाली आहे हे लगेच ओळखता येते. वाटेत दिशा बदललेली असूनही दोन्ही आकडे सारखेच आले, तर विस्थापनाच्या जागी अंतर घातले गेले आहे.

तीच व्यक्ती त्याच वाटेने आणखी अर्ध्या तासात घरी परतली, तर एकूण अंतर २८ किलोमीटर, वेळ एक तास आणि सरासरी चाल पुन्हा ताशी २८ किलोमीटरच राहते. विस्थापन मात्र शून्य, म्हणून पूर्ण फेरीचा सरासरी वेगही शून्य. याचा अर्थ गाडी उभी होती असा काढू नये. सरासरी वेग फक्त आरंभ आणि शेवट पाहतो, मधल्या धावपळीची नोंद त्यात राहत नाही.

एखाद्या क्षणाचा विचार केला, तर मात्र तात्कालिक वेगाचे परिमाण म्हणजेच त्या क्षणीची चाल. स्पीडोमीटर हेच परिमाण दाखवतो, दिशा दाखवत नाही. म्हणूनच ‘काटा स्थिर आहे, म्हणजे वेग बदललेला नाही’ हे विधान वळणावर खोटे ठरते. वरच्या चौकात गाडी ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, ही चाल कायम ठेवून वळली असे धरू. आधीचा वेग पूर्वेला ५, नंतरचा उत्तरेला ५. नंतरच्या वेगातून आधीचा वेग सदिश पद्धतीने वजा केला, तर बदल वायव्येकडे सेकंदाला सुमारे ७ मीटर येतो, शून्य नव्हे. हा बदल डोळ्यांनीही दिसतो: सीटवर उभ्या ठेवलेल्या अर्ध्या भरलेल्या बाटलीतले पाणी डाव्या वळणावर उजव्या बाजूला चढते, आणि गाडी सरळ लागून त्याच चालीने जाऊ लागली की हिंदकळणे थांबून ते पुन्हा सपाट होते. दोन्ही वेळा काटा १८वरच असतो.