३५० म्हणजे नेमकं किती? माझा केकचा अनुभव

अमेरिकेतल्या मावशीने केकची रेसिपी पाठवली, त्यात ओव्हन ३५० वर ठेव असं होतं आणि आमच्या मुलुंडच्या घरातल्या छोट्या ओटीजीचा डायल २५० लाच संपतो, मग मी फुल करून टाकला. वीस मिनिटांत वरून काळा, आत सुरी घातली तर कच्चं पीठ!

मावशीला फोन केला तर म्हणाली, अगं ते फॅरनहाइट आहे, तुझा डायल सेल्सिअसचा. हिशोब सोपा आहे, ३५० मधून ३२ वजा केले की ३१८, त्याला ५ ने गुणून ९ ने भागलं की साधारण १७७. डायलवर १५० आणि २०० च्याच खुणा आहेत, म्हणून काटा दोन्हीच्या मधोमध, किंचित पुढे ठेवला.

दुसरी चूक रॉडची, मी फक्त वरचा लावलेला. तो टोस्टवरचं चीज वितळवायला ठीक, केकला वरचा-खालचा दोन्ही हवेत. दहा-पंधरा मिनिटं प्रीहीट करून टिन मधल्या जाळीवर ठेवला, पस्तीस मिनिटांनी टूथपिक स्वच्छ बाहेर आली.

डायल थोडा खोटा बोलतोच, त्यामुळे वरून लवकर रंग आला तर मी दहा डिग्री कमी करते.